गेम मोड चालू, तरी लॅग कायम: एका टीव्हीचं प्रकरण

पार्श्वभूमी

घरात दोन भावंडं आणि एकच टीव्ही. थोरला भाऊ फायटिंग गेम खेळणारा, तेही बऱ्यापैकी गांभीर्याने. धाकटी बहीण टीव्हीतल्याच ॲपवर चित्रपट-मालिका बघणारी. ओळख पटू नये म्हणून नावं, गेम आणि टीव्हीची कंपनी यांचा उल्लेख टाळतो. कन्सोल प्लेस्टेशन ५ होता आणि तो बराच काळ एका साध्या कंप्युटर मॉनिटरला जोडलेला होता. मग ५५ इंची 4K एलसीडी टीव्ही आला. १२० हर्ट्झचं पॅनेल, उजेड-काळोखाचा पल्ला वाढवणारा एचडीआर, एचडीएमआय २.१ अशी सगळी बिरुदं खोक्यावर होती, आणि ती खोटीही नव्हती.

टीव्ही भिंतीवर चढल्यावर भावाने त्याच्या समजुतीप्रमाणे सगळं केलं. सोबत आलेली केबल वापरली. टीव्हीच्या मेनूत जाऊन त्या एचडीएमआय पोर्टचा सिग्नल ‘एन्हान्स्ड’वर नेला, कारण त्याशिवाय कन्सोल एचडीआर दाखवायला तयारच नव्हता. कन्सोलच्या होम स्क्रीनवर असताना रिमोटने पिक्चर मोड ‘गेम’ केला. एवढं झाल्यावर काम संपलं असं कोणालाही वाटेल.

अडचण

तक्रारी दोन होत्या. पहिली वेळेची, म्हणजे लॅगची: बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यांतला उशीर. मॉनिटरवर सहज बसणारे कॉम्बो, म्हणजे लागोपाठ वारांच्या साखळ्या, टीव्हीवर तुटायला लागले. समोरच्याचा वार परतवण्यासाठी ज्या क्षणी बटण दाबायचं, त्या क्षणी दाबूनही मार बसत होता. त्याच्याच शब्दांत, “बटण मी दाबतो आणि माझा खेळाडू विचार करून हात उचलतो.” ऑनलाइन खेळताना असं झालं तर इंटरनेटला दोष देता येतो, पण हे ट्रेनिंग मोडमध्ये, नेट बंद असतानाही होत होतं. कंट्रोलर तारेने जोडूनही फरक पडला नाही.

दुसरी तक्रार चित्राची. एचडीआरमध्ये गेम दुपारी बरा दिसे, पण संध्याकाळी सावलीतला खेळाडू पार काळोखात जाई. उजेडाच्या जागी, म्हणजे विजा, आगीचे लोळ, चमकणारी पाती यांत तपशील राहत नव्हता. नुसता पांढरा डाग.

भावाने या दोन्हींची सांगड स्वतःच घातली होती: “एचडीआर चालू असला की लॅग येतो, बंद केला की जातो. म्हणजे एचडीआरच जड आहे.” त्याचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकीचा. या प्रकरणाचा सगळा गाभा या दोहोंमधल्या फटीत आहे.

आधी मोजलं

सेटिंगला हात लावण्याआधी आकडा हवा होता. ‘आता बरं वाटतंय’ या भावनेवर भरवसा ठेवता येत नाही. नवीन सेटिंग केल्यावर पाच-दहा मिनिटं सगळ्यांनाच बरं वाटतं.

पद्धत घरगुती आहे, पण कामाची. फोन स्लो-मोशनमध्ये, २४० फ्रेम प्रतिसेकंदावर ठेवायचा. चौकटीत अंगठा आणि टीव्हीची स्क्रीन दोन्ही दिसले पाहिजेत. ट्रेनिंग मोडमध्ये सर्वात जलद ठोसा निवडायचा आणि बटण ठणकावून दाबायचं. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण तळाला टेकल्यापासून खेळाडूची पहिली हालचाल दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजायचं. फोनची प्रत्येक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. कन्सोल दर १६.७ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम देतो आणि बटण त्या चक्रात कुठेही दाबलं जातं, त्यामुळे एकाच सेटिंगवरही दोन-चार फ्रेमची चढउतार होते. म्हणून बरेच ठोसे मारून सरासरी घ्यायची.

या मोजमापात टीव्हीखेरीज कंट्रोलर, कन्सोल आणि खुद्द गेम यांचा वेळही येतो. टीव्ही एकटा किती वेळ घेतो हे त्यातून कळत नाही. पण बाकी सगळं तसंच ठेवून टीव्हीची एकच गोष्ट बदलली तर जो फरक येतो, तो टीव्हीचाच असतो. आपल्याला तेवढंच हवं होतं.

कन्सोलवर एचडीआर बंद ठेवून मोजलं तेव्हा सरासरी २४ फ्रेम आल्या, म्हणजे साधारण १०० मिलिसेकंद. एचडीआर चालू करून तोच ठोसा मारला, ४६ फ्रेम. जवळपास १९२ मिलिसेकंद. मधला फरक ९२ मिलिसेकंदांचा, म्हणजे गेमच्या हिशोबाने साडेपाच फ्रेम. ज्या गेममध्ये वार परतवण्याची खिडकी काही फ्रेमचीच असते, तिथे साडेपाच फ्रेम उशीर म्हणजे खिडकी बंद झाल्यावर दार वाजवणं.

आकडे भावाच्या म्हणण्याला दुजोराच देत होते. मग एचडीआर चालू असताना, गेम स्क्रीनवर असतानाच, रिमोटवरून टीव्हीचा पिक्चर मेनू उघडला. वर मोडचं नाव लिहिलेलं होतं: ‘स्टँडर्ड’.

“पण मी गेम मोड लावला होता,” भाऊ म्हणाला. लावला होता हे खरंच. एचडीआर बंद केल्यावर त्याच मेनूत ‘गेम’ दिसत होतं.

गोम कुठे होती

बऱ्याच टीव्हींमध्ये पिक्चर सेटिंगचे एकाहून जास्त संच असतात. प्रत्येक एचडीएमआय इनपुटला वेगळा, आणि त्यातही साध्या सिग्नलला एक व एचडीआर सिग्नलला दुसरा. डॉल्बी व्हिजन असेल तर त्याचा आणखी तिसरा. सिग्नल बदलला की टीव्ही गुपचूप दुसऱ्या संचावर जातो. कोपऱ्यात क्षणभर एचडीआरची पाटी चमकते, तेवढीच काय ती सूचना.

इथे कन्सोलवर एचडीआर `On When Supported` वर होता. या सेटिंगमध्ये कन्सोल साध्या गोष्टींना साधा सिग्नल देतो आणि एचडीआर असलेला गेम सुरू झाला की सिग्नल बदलतो. भावाने गेम मोड लावला तो साध्या सिग्नलच्या संचात. गेम सुरू होताच टीव्ही एचडीआरच्या संचावर जायचा, आणि तिथे कारखान्यातून आलेला ‘स्टँडर्ड’ बसलेला होता. खेळत नसताना गेम मोड, खेळायला लागलं की बंद, असा उलटा कारभार चालला होता.

खरं तर ही वेळ यायलाच नको होती. एचडीएमआय २.१ मधली एएलएलएम ही सोय याचसाठी आहे: गेम सुरू झाला की कन्सोलच टीव्हीला ‘कमी विलंबाच्या मोडवर जा’ असा निरोप देतो, मग संच कुठलाही असो. प्लेस्टेशन ५ ला ही सोय २०२२ पासून आहे. पण टीव्हीच्या मेनूतली ऑटो गेम मोडची खूण काढलेली होती. ती कारखान्यातूनच तशी होती की पहिल्या मांडणीच्या वेळी कोणी काढली, हे घरात कोणालाच आठवेना.

डीफॉल्ट मोडमध्ये विलंब येतो कशामुळे

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा निर्णय यावरच अवलंबून होता.

‘स्टँडर्ड’, ‘व्हिव्हिड’, ‘सिनेमा’ हे मोड चित्रपट आणि प्रसारण डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. तिथे टीव्हीला घाई नसते. चित्र पाव सेकंद उशिरा आलं तरी बघणाऱ्याला कळत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच थांबवून दोघांना जुळवून सोडतो. या फुरसतीचा फायदा घेऊन आतला प्रोसेसर चित्रावर एकामागून एक संस्कार करतो.

त्यातला सगळ्यात खर्चीक संस्कार म्हणजे हालचाल मऊ करणं. सेकंदाला ६० फ्रेम येतात, पॅनेल १२० दाखवू शकतं, म्हणून टीव्ही दर दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः कल्पिलेली एक घालतो. आता मधली फ्रेम बनवायची तर पुढची आधी हातात असली पाहिजे. म्हणजे आलेली फ्रेम दाखवण्याआधी किमान अर्ध्या फ्रेमचा वेळ, सुमारे ८.३ मिलिसेकंद, थांबणं आलंच. चांगल्या प्रतीचं काम करायचं तर टीव्ही एकाहून जास्त फ्रेम साठवून त्यांतली हालचाल ताडतो, म्हणून थांबणं आणखी वाढतं. कितीही वेगवान चिप बसवली तरी हा विलंब शून्यावर येणार नाही. भविष्यातली फ्रेम आधी मिळत नाही, एवढं साधं कारण आहे.

खरवडल्यासारखे कण काढून टाकणारं नॉइज रिडक्शनही आजूबाजूच्या फ्रेमची तुलना करतं. आख्खी फ्रेम तपासून कॉन्ट्रास्ट ठरवणारी सेटिंग असते, तिला फ्रेम पूर्ण येईपर्यंत वाट पाहावी लागते. प्रत्येक टप्प्यापाशी थोडी साठवण, थोडी वाट. बेरीज होत होत सहज शंभर मिलिसेकंदांच्या आसपास जाते. गेम मोड या रांगेतले बहुतेक टप्पे वगळून चित्र थेट पॅनेलकडे नेतो, आणि चांगल्या टीव्हीत ६० हर्ट्झला टीव्हीचा स्वतःचा विलंब १०-१५ मिलिसेकंदांवर येतो.

रंगाची उबदार-थंड छटा, गॅमा, बॅकलाइट, रंगाची मात्रा या गोष्टींना मात्र वेळ लागत नाही. तिथे प्रत्येक ठिपक्याची किंमत जागच्या जागी बदलते, शेजारच्या फ्रेमकडे बघावं लागत नाही. म्हणजे गेम मोडचं चित्र निळसर आणि रखरखीत वाटतं म्हणून तो मोड सोडायची गरज नाही. गेम मोडमध्येच राहून छटा उबदार करता येते, शार्पनेस उतरवता येतो.

समोर असलेले पर्याय

एचडीआर कायमचा बंद करणं हा सगळ्यात सोपा उपाय होता आणि भाऊ त्याला तयारही होता. लॅग गेला असता. पण ज्या चित्रासाठी हा टीव्ही घेतला तेच सोडून द्यायचं, तेही अशा कारणाने ज्याचा एचडीआरशी संबंध नाही, हे पटण्यासारखं नव्हतं.

दुसरा पर्याय भावाने फोनवर कुठेतरी वाचला होता: ‘स्टँडर्ड’मध्येच राहायचं आणि हालचाल मऊ करणं, नॉइज रिडक्शन वगैरे एकेक करून बंद करायचं. हे करून पाहिलं आणि मोजलं. ४६ वरून सरासरी ३७ फ्रेमवर आलं. फायदा झाला, पण गेम मोडच्या २४ पासून अजून सुमारे ५४ मिलिसेकंद लांबच. पडद्यावर दिसणारी बटणं बंद केली तरी आतली रांग पूर्ण मोडत नाही. काही टप्पे मेनूत दाखवलेलेच नसतात. हा प्रयोग निकामी गेला असं मी म्हणणार नाही. गेम मोड म्हणजे ‘सगळं बंद केलेला स्टँडर्ड’ नव्हे, ती वेगळी वाट आहे, हे त्यातून आकड्यात दिसलं.

तिसरा, एचडीआरच्या संचातही गेम मोड हाताने लावायचा. चौथा, ऑटो गेम मोड चालू करून जबाबदारी कन्सोलवर सोडायची.

इथे बहीण मध्ये पडली. “दादा, ते आपोआप बदलणारं काही लावू नकोस. माझ्या सिनेमाचं चित्र बिघडेल.” शंका रास्त होती, कारण तिने स्वतःच्या आवडीने ‘सिनेमा’ मोड नीट बसवून घेतला होता. पण ती टीव्हीतल्या ॲपवर बघते, कन्सोलच्या इनपुटवर नाही. कन्सोलच्या पोर्टचे संच वेगळे. तिच्या समोरच ॲप उघडून, कन्सोलवर येऊन, गेम चालू करून, परत ॲपवर जाऊन दाखवलं. तिचा ‘सिनेमा’ जागेवर होता. घरात जर कन्सोलवरूनच सिनेमा बघायची सवय असती तर एवढ्यावर भागलं नसतं. मग सिनेमा लावताना मोड कुठला राहतो हे वेगळं तपासावं लागलं असतं.

शेवटी तिसरा आणि चौथा दोन्ही केले. ऑटोचा निरोप कधी चुकला, एखाद्या अपडेटने खूण पुन्हा निघाली, तर हाताने लावलेला मोड पाठीशी असावा म्हणून.

काय केलं, कुठल्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एचडीआरचं माप गेम मोडमध्ये जाऊनच घ्यावं लागतं. मोड बदलला की टीव्हीची उजेडाची वागणूक बदलते आणि आधी घेतलेलं माप वाया जातं. भावाने कन्सोलचं एचडीआर जुळवणं पहिल्याच दिवशी उरकलं होतं, ‘स्टँडर्ड’ मोडवर. ते सगळं पुन्हा करावं लागलं.

पहिल्यांदा कन्सोलवर एचडीआर तात्पुरता `Always On` केला. आता होम स्क्रीनवर असतानाही टीव्ही एचडीआरच्या संचात राहतो, त्यामुळे निवांत सेटिंग करता येतं. या अवस्थेत मोड ‘गेम’ केला, ऑटो गेम मोडची खूण लावली, छटा उबदार केली.

मग वीजबचत आणि खोलीतला उजेड ओळखून पडदा मंद करणारा सेन्सर, दोन्ही बंद. संध्याकाळच्या काळोखाचं मुख्य कारण हेच निघालं. दिवे कमी झाले की टीव्ही बॅकलाइट उतरवायचा, आणि एचडीआरमध्ये आधीच खोल असलेल्या सावल्या आणखी बुडायच्या. सेन्सर चालू ठेवून माप घेतलं तर ते त्या क्षणीच्या उजेडाचं माप होतं, टीव्हीचं नाही.

यानंतरची पायरी टोन मॅपिंगची, आणि इथे खरा निर्णय होता. निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक. एचडीआर सिग्नलची मोजपट्टी कागदावर १०,००० निटपर्यंत जाते. असा टीव्ही प्रत्यक्षात काहीशे निट देतो. मधला उजेड कोणीतरी दाबून बसवावा लागतो, यालाच टोन मॅपिंग म्हणतात. टीव्ही ते स्वतः करू शकतो, किंवा टीव्हीची मर्यादा माहीत असेल तर कन्सोल आणि गेम ते करू शकतात. दोघांनी केलं तर गडबड होते, जसं एकाच कापडाचं माप दोन शिंपी आपापल्या परीने कमी करत गेले तर सदरा अंगाला घट्टच होणार. एचजीआयजी नावाची निवड या टीव्हीत होती. तिचा अर्थ असा की टीव्ही स्वतः काही दाबणार नाही. त्याच्या आवाक्यापलीकडचं सरळ कापलं जाईल आणि आवाक्यात बसवायचं काम कन्सोलचं.

कन्सोलवर `Adjust HDR` उघडलं की तीन पडदे येतात. दोन उजेडाच्या टोकाचे, एक काळोखाच्या. उजेडाचे दोन यासाठी की छोट्या चौकोनात टीव्ही जितका प्रखर होतो तितका पूर्ण पडदा पांढरा असताना होत नाही. पडद्यावर एक चिन्ह दिसतं, आणि ते जेमतेम दिसेल-न दिसेल अशा टोकावर आणायचं असतं. चिन्ह पार्श्वभूमीत विरघळलं, म्हणजे त्यापुढे टीव्हीकडे द्यायला उजेड उरलेला नाही.

मुद्दाम एकदा टीव्ही ‘डायनॅमिक’ टोन मॅपिंगवर, म्हणजे उजेड टीव्हीने स्वतःच दाबायच्या निवडीवर, ठेवून हे करून बघितलं. कितीही वर चढवलं तरी चिन्ह पुसट का होईना दिसतच राहिलं. टीव्ही प्रत्येक पायरीला वरचा उजेड दाबून आत घेत होता, म्हणून कन्सोलला वाटत होतं की हा पडदा फारच ताकदवान आहे. पहिल्या दिवशी असंच झालं असणार. मग गेम त्या फुगवलेल्या मापाने वीज चमकवतो, टीव्ही ती पुन्हा दाबतो, आणि पात्यावरचा तपशील हरवतो. एचजीआयजीवर गेल्यावर तेच चिन्ह कितीतरी आधी नाहीसं झालं. तिसऱ्या पडद्यावर, काळोखाच्या टोकाला, चिन्ह दिसेनासं होण्याच्या उंबरठ्यावर थांबलो.

ज्या टीव्हीत एचजीआयजी नाही तिथे डायनॅमिक बंद करून हेच करावं. टीव्ही तरीही थोडं दाबतो, त्यामुळे चिन्ह हळूहळू विरतं, पटकन नाहीसं होत नाही. अशा वेळी शेवटचा कण नाहीसा होण्याची वाट बघत वर चढत राहू नये. फरक जवळजवळ कळेनासा झाला की थांबावं.

सगळं झाल्यावर एचडीआर परत `On When Supported` वर नेला. `Always On` ठेवलं तर साधा गेमही एचडीआरच्या वेष्टनात येतो आणि त्याचे रंग-उजेड बहुधा मूळच्यासारखे राहत नाहीत. याची किंमत एवढीच की गेम सुरू होताना सिग्नल बदलतो आणि पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. सुरुवातीला भाऊ दचकायचा.

उरलं गेमच्या आतलं. काही गेम कन्सोलचं माप जसंच्या तसं घेतात, काहींचं स्वतःचं पान असतं. या गेममध्ये दोन सरकपट्ट्या होत्या, कमाल उजेड आणि नेहमीच्या पांढऱ्याची पातळी. बहीण शेजारी बसून बघत होती. “हे तर आधीपेक्षा अंधारलंय,” ती म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. डायनॅमिकने उजळलेलं चित्र बघायची डोळ्यांना सवय झालेली असते, त्यापुढे एचजीआयजी उतरलेलं वाटतं. इथे डायनॅमिककडे परत जाण्याचा मोह होतो. त्याऐवजी कमाल उजेडाला हात न लावता नेहमीच्या पांढऱ्याची पातळी थोडी चढवली. तिथे साधारण २०० निट ही बऱ्याच जणांची सुरुवातीची जागा असते. दिवसा उजेड येणाऱ्या खोलीत त्याहून वर जायला हरकत नाही. वीज आणि पाती जशीच्या तशी राहिली, बाकीचं चित्र वर आलं.

काय निष्पन्न झालं

एचडीआर चालू, गेम मोड चालू, तोच ठोसा, तोच फोन: सरासरी २४ फ्रेम. एचडीआर बंद असताना जितक्या तितक्याच. एचडीआर जड असतो हा समज तिथेच मिटला. भावाला आकड्यांपेक्षा कॉम्बो बसायला लागल्याचं कौतुक जास्त होतं, आणि ते साहजिक आहे.

सगळंच सुधारलं असं नाही. गेम मोडमध्ये या टीव्हीचं झोननुसार बॅकलाइट कमी-जास्त करणं ढोबळ होतं, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसतं. ते सोसावं लागतं. शिवाय ३० फ्रेमवर चालणारा एक साहसी गेम अजूनही त्याला सुस्त वाटतो. तिथे टीव्हीला दोष नाही. गेमच दर ३३ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम देतो. त्या गेमच्या मेनूत ६० फ्रेमचा परफॉर्मन्स मोड निघाला, थोडी बारकाई सोडून तो घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

मोजमाप पहिल्या दिवशीच, गेम खेळतानाच्या अवस्थेत झालं असतं तर कंट्रोलर, केबल आणि इंटरनेट यांच्या मागे गेलेला वेळ वाचला असता. त्याहूनही स्वस्त उपाय होता: गेम प्रत्यक्ष पडद्यावर असताना पिक्चर मेनू उघडून मोडचं नाव वाचणं. होम स्क्रीनवर जे दिसतं त्यावर विसंबण्यात सगळा घोळ झाला. आता टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की भाऊ पहिल्यांदा एवढंच बघतो.

ऑटो गेम मोडची खूण आधी लावली असती तर लॅग पहिल्या फटक्यात गेला असता, हे खरं. पण मग कारण कळलं नसतं आणि खूण पुन्हा निघाली तर तोच शोध पुन्हा. माझ्या मते क्रम ठीक होता. टोन मॅपिंगच्या बाबतीत मात्र आधी दोघांशी बोलून घ्यायला हवं होतं की टीव्ही जास्त करून दिवसा वापरला जातो की रात्री. भर उजेडाच्या खोलीत एखाद्याने डायनॅमिक पसंत केलं तर मी वाद घालणार नाही, फक्त कन्सोलचं माप एचजीआयजीवर घेऊन मग बदलावं.

एक धागा अजून सुटा आहे. टीव्हीला साउंडबार जोडलेला आहे. पूर्वी चित्रच उशिरा यायचं म्हणून आवाज बरोबर वाटायचा. आता चित्र लवकर येतं आणि ठोशाचा आवाज किंचित मागून. साउंडबारला जाणारा आवाज पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या स्वरूपात, ठेवल्यावर अंतर कमी झालं, पूर्ण गेलं नाही. कॉम्बोच्या सरावाला भाऊ हेडफोन थेट कंट्रोलरला लावतो. साउंडबार बहिणीच्या सिनेमासाठी आहे तिथेच आहे.